कुऱ्हाडसरांचे दोन डबे

शाळेत त्यांना कुऱ्हाडसर हे नाव पडलं ते हजेरीमुळे. बाकीचे शिक्षक नाव वाचायचे, 'हजर' ऐकायचे आणि पुढच्या नावाकडे वळायचे. संस्कृतच्या या सरांना ते जमायचं नाही. नाव तोंडातून बाहेर पडलं की त्याचे तिथल्या तिथे दोन तुकडे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पद्मनाभ म्हणजे पद्म अधिक नाभी, ज्याच्या नाभीत कमळ उगवलंय तो, असं सांगून ते चष्म्यावरून बघायचे आणि पद्मनाभ बिचारा शर्ट खाली ओढत 'हजर' म्हणायचा. भूपाल म्हणजे भूमी पाळणारा. त्या भूपालला स्वतःची कंपासपेटी सांभाळता येत नव्हती, हेही सर लगेच सांगून टाकत. मणिप्रभा म्हणजे रत्नाचं तेज. तिच्याकडे बघून सर म्हणायचे की रत्न आहे, पैलू पाडायचे राहिलेत. हजेरी आटपेपर्यंत निम्मा तास गेलेला असायचा, त्यामुळे मुलांचा त्यांच्यावर फार जीव होता.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून भांडतात. सरांनी बिस्किटांचे दोन रिकामे डबे घेतले. एका डब्यात नावाचे पुढचे तुकडे, एका डब्यात मागचे. जाड कागदाच्या चिठ्ठ्या, त्यावर सरांचं ठसठशीत अक्षर. पुढच्या डब्यात चंद्र, हेम, मेघ, चारु, पद्म, मणि. मागच्या डब्यात लता, प्रभा, धर, कांत, ईश, अक्षी, माला. काही चिठ्ठ्या दोन्हीकडे होत्या, कारण काही शब्द दोन्हीकडे नांदतात. पण 'ज', 'द' असली मंडळी फक्त मागच्या डब्यात. 'ज' म्हणजे जन्मलेला. आता नुसता जन्मलेला काय कामाचा, तो कशातून जन्मला ते पुढच्यानं सांगायला नको? पंकात जन्मला म्हणून पंकज. एकट्या 'ज'ला कोणी दारात उभं करत नाही, असं सर म्हणायचे.

गावातल्या कुणाच्याही घरी बाळ आलं की आईबाप संध्याकाळी सरांच्या बाहेरच्या खोलीत हजर. सर तयार नाव कधी देत नसत. दोन्ही डबे टेबलावर उघडायचे आणि म्हणायचे, जुळवा. जुळवलं की फोड सांगायची. ज्या नावाची फोड सांगता येत नाही ते नाव पोराच्या गळ्यात बांधायचं नाही, हा सरांचा एकमेव कायदा होता, आणि तो ते कायदेमंत्र्याच्या थाटात सांगत.

सांध्याची गंमत तर त्यांची आवडती. कमलेशच्या वडिलांनी एकदा 'कमल अधिक एश' अशी फोड केली. सरांनी कपाळावर हात मारला नाही, पण नेला कपाळापर्यंत. 'एश' म्हणून कोणी नाही हो, ते म्हणाले. कमला अधिक ईश. आ आणि ई एकत्र आले की दोघांचा मिळून ए होतो, जोड दिसेनासा होतो. चांगल्या सुताराचा सांधा दिसतो का कुठं? तो बोटानं चाचपावा लागतो. ते वडील घरी जाताना आपल्याच नावाचा सांधा चाचपत गेले.

कधीकधी प्रकरण हाताबाहेर जायचं. एका जोडप्यानं निखिलमधला 'नि' आणि तृप्तीमधला 'तृप' घेऊन 'नितृप' तयार करून आणला होता. इंटरनेटवर त्याचा अर्थ 'राजांचा राजा' दिलाय म्हणाले. सरांनी ते नाव दोनदा मोठ्यानं म्हटलं, तिसऱ्यांदा मनात म्हटलं आणि मग कबुली दिली की इथं कुऱ्हाड चालत नाही. लाकूड सांध्यावर फोडलं तर फळ्या निघतात, कुठंही घाव घातला तर ढलप्या. तुम्ही दोन चांगल्या नावांच्या ढलप्या गोळा करून आणल्यात. जोडपं नाराज होऊन निघून गेलं, आणि आतून सरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला की नाव ठेवायला बोलावतात आणि हे नावं ठेवत बसतात.

काकूंचं असंच होतं. त्यांना संस्कृत येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. सरांच्या हुशारीवर त्यांचा विश्वास होता, पण शहाणपणावर बेताचाच. सरांना मात्र आपल्याकडे दोन्ही भरपूर आहे असं वाटायचं, आणि इतक्या वर्षांत कुणी 'तसं नाही' असं म्हटलं नव्हतं. काकूंनी म्हटलं होतं, पण ते धरायचं नाही.

अशा एका संध्याकाळी चष्मेवाली आली. चष्मेवाली म्हणजे वर्गातली तीच मणिप्रभा, पैलू पाडायचे राहिलेलं रत्न. आता चौकात तिचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे ती डोळे तपासायची, मागे तिचा नवरा काचा घासायचा, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. सगळा गाव तिला चष्मेवाली म्हणायचा. तिचं पूर्ण नाव बहुतेक फक्त सरांनाच आठवत होतं.

या खेपेला तिच्याबरोबर बाळ नव्हतं. सहा वर्षांची मुलगी होती. आईच्या ओढणीचं टोक मुठीत, केस नुकतेच कापलेले, आणि डोळे हे एवढे. चष्मेवालीनं सांगितलं की मूल व्हायची वाट बघून झाली होती, मग अनाथाश्रमात नाव नोंदवलं होतं, आणि आता सगळे सोपस्कार पुरे होऊन ही घरी आली. शाळा उघडायच्या आत नवं नाव लावायचं आहे. आश्रमात हिला माला म्हणत. ते सांगताना चष्मेवालीचा चेहरा जरा आंबला.

"तिथं एक बाई होत्या, त्या रांगेनं नावं ठेवायच्या. शीला, लीला, बेला, माला. रांगेत आलेलं नाव आहे सर ते. मला माझ्या मुलीला तिचं स्वतःचं नाव द्यायचंय. मी दिलेलं."

ते 'मी दिलेलं' सरांच्या लक्षात यायला हवं होतं. पण सरांचं लक्ष आधीच मुलीच्या डोळ्यांवर गेलं होतं, आणि सरांची कुऱ्हाड एकदा उचलली की मग इकडेतिकडे बघत नसे. चष्मेवालीची मुलगी आणि असे डोळे! त्यांनी पुढच्या डब्यातून 'पद्म' काढलं, मागच्यातून 'अक्षी', आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. पद्माक्षी. चष्मेवालीला ते इतकं आवडलं की तिनं ते लगेच दोनदा म्हणून बघितलं. तिच्या नवऱ्यानंही मान हलवली. तो मुळात बोलायचाच कमी, पण मान हलवायला कधी चुकायचा नाही.

मुलगी टेबलाला हनुवटी टेकवून चिठ्ठ्या बघत होती. तिला अक्षरं लागत होती. तिनं 'पद्म' असं तुकड्यातुकड्यानं वाचलं आणि विचारलं, "मी पद्म?"

सरांना असा विद्यार्थी कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. ते खूष झाले. नाही बाळा, पद्म म्हणजे कमळ, तू कमळ नाहीस.

"मग मी डोळे?"

नाही, तू डोळेही नाहीस. जिचे डोळे कमळासारखे आहेत ती तू.

मुलीनं दोन्ही चिठ्ठ्यांवर एकेक बोट ठेवलं. "मग यात मी कुठंय?"

आणि इथं सर चुकले. चुकले म्हणजे व्याकरणात नाही, तिथं ते कधी चुकले नाहीत. हा प्रश्न शाळेत त्यांना कुणी विचारावा म्हणून ते आयुष्यभर तिष्ठत होते, आणि उत्तर तोंडात तयार होतं. ते पुढे झुकून मोठ्या आनंदानं म्हणाले, "बाहेर! तीच तर गंमत आहे. हे दोघं आत, आणि तू या नावाच्या बाहेर उभी."

मुलीनं बोटं उचलली आणि परत ओढणी धरली. 'शहाणी आहे हो,' असं सर म्हणाले. सगळी उठली, जिना उतरून गेली, आणि सरांनी 'आज एक छान बहुव्रीही जमला' असं काकूंना सांगत चहा मागितला. काकूंनी चहा दिला. पण त्या दारातून मुलीच्या पाठीकडे बघत होत्या, आणि काही बोलल्या नाहीत. त्या गप्प असल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय हे ओळखायला सरांना नेहमी उशीर होई.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाली एकटीच आली. चप्पल दारातच ठेवली, बसली नाही. तिचा आवाज शांत होता आणि त्यामुळेच सर घाबरले.

तिनं जे सांगितलं ते असं. नाव घेतलं त्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातून मुलीला हाक मारली, पद्माक्षी, जेवायला ये. मुलगी उठली, दार उघडून बाहेर गेली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. चष्मेवालीला वाटलं, पोर आहे, नवं घर आहे. हाताला धरून आत आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पद्माक्षी म्हटलं की पोर दाराबाहेर. रागावून नाही, रडून नाही. नुसती जाऊन पायरीवर बसते, गुडघ्यांवर हात ठेवून, आश्रमातून आणलेली आपली पिशवी शेजारी घेऊन. आईनं समजावलं, बाबानं खेळणं आणलं. काल रात्री शेवटी जवळ घेऊन विचारलं, अगं, तू बाहेर का जातेस? तेव्हा ती म्हणाली की पद्माक्षी बाहेर असते, सरांनी सांगितलंय.

"सर, मी सहा वर्षं वाट बघितली तिला आत आणायला," चष्मेवाली म्हणाली, "आणि तुम्ही एका वाक्यात तिला बाहेर काढलंत."

सरांना समास सांगता आला असता. बहुव्रीहीत दोन्ही पदं गौण असतात आणि त्यांच्यावरून तिसऱ्याचाच बोध होतो, हे अगदी बरोबर होतं. बरोबर असण्याचा आपल्याला इतका कमी उपयोग व्हावा हे त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. ते 'चुकलो' म्हणाले, पण इतक्या हळू की तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शाळेत नाव घालायचा दिवस आता जवळ आला होता, तोपर्यंत काहीतरी दुसरं बघते, असं म्हणून ती निघून गेली.

सर खुर्चीत बसून राहिले. काकू समोर येऊन बसल्या. सरांना वाटलं आता उद्धार होणार, आणि तो व्हावा असं त्यांना वाटतही होतं. पण काकूंनी वेगळंच विचारलं. ती पोर आश्रमातून आली तेव्हा पिशवीत काय होतं म्हणाली चष्मेवाली?

त्याबद्दल ती काही बोलली नव्हती. सर म्हणाले, मला काय ठाऊक.

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "दोन फ्रॉक आणि एक नाव. फ्रॉक तर आतापर्यंत आखूड झाले असतील. उरलेलं तेवढं तुम्ही दोघांनी मिळून काढून घेतलंत."

सरांनी मागचा डबा उघडला आणि चिठ्ठ्या उलटसुलट करत एक बाहेर काढली. माला. ही चिठ्ठी किती वर्षं त्या डब्यात होती, किती लोकांनी ती चाळून परत टाकली होती. जुनं वळण, आजीचं नाव वाटतं, असं म्हणून. ती चिठ्ठी मागच्या डब्यातली होती, आणि मागचा डबा म्हणजे काय हे ज्याला गावात सगळ्यात चांगलं ठाऊक त्याच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी चष्मा पुसला. राग आला की ते तेवढंच करू शकत.

डबे त्या खोलीतून कधी बाहेर गेले नव्हते. लोकांनी यायचं, डब्यांनी जायचं नाही, असा दंडक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दोन्ही डबे काखोटीला मारले आणि ते चौकात निघाले. रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, सर, बिस्किटं कुठं निघाली? सरांनी कुणाला उत्तर दिलं नाही, यावरूनच मामला गंभीर आहे हे लोकांनी ओळखलं.

दुकानात चष्मेवाली एका म्हाताऱ्याला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होती. सरांना बघून तिनं नुसतं वर बोट केलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर मुलगी बसलेली होती. शेजारी पिशवी. म्हणजे सकाळीही हाक मारून झाली होती. सर धापा टाकत तिच्याखालच्या पायरीवर बसले, कारण तेवढ्यात त्यांचे गुडघे संपले होते.

मुलीनं सरकून त्यांना जागा करून दिली. मनात काही ठेवणारी पोर नव्हती ती. सरांनी दोन्ही डबे मध्ये ठेवले आणि सांगितलं की मी तुला अर्धंच सांगितलं होतं. नावं दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत माणूस बाहेर असतो. दुसऱ्या तऱ्हेत आत असतो. तुला दुसरी तऱ्हा दाखवायचीच राहिली.

मग त्यांनी घरजावयाचं उदाहरण दिलं. घर अधिक जावई. घरजावई हा कोण, घर की जावई? मुलीनं विचार केला. जावई म्हणजे कोण ते विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, जावई. बरोबर. तो किती वर्षं घरात राहिला तरी घर होत नाही, जावईच राहतो, विचारा त्याच्या सासऱ्यांना. आणि देवघर? घर. राजपुत्र? पुत्र. मागचा जो असतो तो खरा. पुढचा फक्त सांगतो की कुणाचा, कसला. आगगाडीला इंजिन पुढे असतं. या नावांचं मागे असतं.

तेवढ्यात म्हातारा गिऱ्हाईक जिन्याखालून गेला आणि चष्मेवाली वर आली. तिच्या मागून, हात पुसत, नवराही. दारात उभं राहून ती बघत होती. तिचा राग गेला नव्हता.

सरांनी मागच्या डब्यातून 'माला' काढून पायरीवर ठेवली. मुलीनं ती वाचली आणि तिचा चेहरा एकदम असा झाला की सरांना दुसरीकडे बघावं लागलं. "ही मी," ती म्हणाली.

"सर," चष्मेवाली म्हणाली, "ते नाव नको म्हणून तर तुमच्याकडे आले होते."

सरांनी मान वर केली नाही. ते सावकाश, वर्गात कधी बोलले नव्हते तसं बोलले. "ते नाव काढायचं नाही आणि तसंच ठेवायचंही नाही. ते मागं राहू दे. ती जी आहे ती आहे. तू पुढं ये."

चष्मेवालीला ते लगेच कळलं नाही. मुलीनं मात्र तोवर पुढचा डबा मांडीवर घेऊन कामाला सुरुवात केली होती. तिनं 'मेघ' ठेवून बघितलं. मेघमाला, ढगांची माळ, सर म्हणाले. चांगलं आहे, पण पावसाळ्यात काळजी वाटेल. 'हेम' ठेवलं. हेममाला, सोन्याची माळ. महागात पडेल. मुलगी हसली. तिला हसताना त्या जिन्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं 'माला' उचलून पुढे ठेवली आणि मागे 'धर' लावलं. मालाधर. आता कोण मी? सर म्हणाले, आता तू कुणी नाहीस. आता माळ घालणारा दुसराच कुणीतरी गृहस्थ आहे, आणि तू त्याच्या गळ्यातलं सामान. मुलीनं 'माला' झटकन पुन्हा मागे आणून ठेवली.

"आईचं नाव काय?" तिनं विचारलं.

तिला ते ठाऊक नव्हतं. आई ती आई, आणि बाकी सगळ्या गावाला चष्मेवाली. सरांनी चष्मेवालीकडे पाहिलं. तिनं सांगितलं नाही. सरांनीच सांगितलं, हजेरीच्या आवाजात, फोड करून. मणि अधिक प्रभा. रत्नाचं तेज. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून चष्मेवालीनं नकळत ओढणी सारखी केली.

मुलीनं डब्यात हात घालून 'मणि' शोधायला सुरुवात केली. चिठ्ठ्या पायऱ्यांवर सांडल्या. चंद्र दोन पायऱ्या खाली गेला, चारु तिच्या बाबाच्या पायाशी. तो आजवर नुसती मान हलवणारा माणूस, आता गुडघ्यांवर बसून शोधू लागला आणि त्यालाच ती सापडली. त्यानं ती मुलीला दिली नाही. बायकोच्या हातात दिली.

चष्मेवाली ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. तिला एक सबंध नाव द्यायचं होतं, नवं, कोरं, तिनं निवडलेलं. आणि हे काय, स्वतःच्या नावाचं पुढचं निम्मं, तेही मोडून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. डोळ्यांचा धंदा होता तिचा, तिला ठाऊक होतं की पाणी येणं डोळ्यांना चांगलं असतं. ती खाली बसली आणि मुलीनं पायरीवर ठेवलेल्या चिठ्ठीच्या पुढे तिनं आपली चिठ्ठी सरकवली. कडा एकमेकींना लागल्या.

मुलीनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मणिमाला. मग ती सरांकडे वळली, कारण फोड झाल्याशिवाय नाव होत नाही हे एव्हाना तिलाही कळलं होतं. सर म्हणाले, रत्नांची माळ. पण फोड मी करायची नाही, ज्याचं नाव त्यानं करायची. मुलीनं पुढच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"ही आई." मग मागच्या चिठ्ठीवर. "ही मी."

एवढं म्हणून तिनं पिशवी उचलली आणि ती आत ठेवायला गेली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

सर डबे आवरायला लागले. 'चंद्र' खालच्या पायरीवरून आणला, 'चारु' झटकली. 'मणि' आणि 'माला' मात्र त्यांनी उचलल्या नाहीत. चष्मेवालीनं विचारलं, या परत न्यायच्या नाहीत का? सर म्हणाले, नाही, त्या दोन आता वापरात आहेत. तिनं त्यांना चहाला थांबवलं. चहा पिता पिता ती हळूच म्हणाली की पद्माक्षी नाव खरं तर फार सुंदर होतं. सरांनाही तसंच वाटत होतं, पण त्यांनी काकूंना आठवून तोंडात बिस्किट घातलं. निघताना त्यांना राहवलं नाही. इतक्या वर्षांची खोड, ती काय एका दिवसात जाते? ते दारात थांबले, चष्म्यावरून आतल्या खोलीकडे बघितलं आणि हजेरीच्या आवाजात म्हणाले,

"मणिमाला?"

सगळी मुलं याला 'हजर' म्हणतात. ही आतून ओरडली, "आत."